दोन शब्दांचं वचन

योहानाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायाचं पस्तिसावं वचन इंग्रजी बायबलमध्ये फक्त दोन शब्दांचं आहे. येशू रडला, एवढंच ते सांगतं. नव्या करारातलं सर्वांत छोटं वचन म्हणून ते प्रसिद्ध आहे. योहानाने मात्र ते वेगळं वचन म्हणून लिहिलंच नव्हतं. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत वचनांचे आकडे नसतात, मजकूर सलग वाहत जातो. आज सर्वत्र चालणारे आकडे रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने 1551 साली जिनिव्हात छापलेल्या ग्रीक नव्या करारात दिले. त्याने या तीन ग्रीक शब्दांना स्वतंत्र आकडा दिला आणि वचन जन्माला आलं.

तीनच, कारण ग्रीकमध्ये नावाआधी उपपद येतं: ‘एदाक्रुसेन हो इएसूस’. मुळात अक्षरं सोळा. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात, सदा आनंदित असा, असं सांगणारं वचन चौदाच अक्षरांचं आहे. म्हणजे सर्वांत छोटं हा मान इंग्रजी भाषांतराने दिलेला. या वचनाचं खरं मोल त्याच्या क्रियापदात आणि ते ज्या जागी आलं त्या जागेत आहे.

ती जागा म्हणजे बेथानी. यरुशलेमपासून पंधरा स्टेडिया, म्हणजे सुमारे पावणेतीन किलोमीटर, असं योहान मुद्दाम नोंदवतो. एवढ्या जवळून पुष्कळ यहुदी मार्था आणि मरीयेच्या समाचाराला आले होते. त्यांचा भाऊ लाजर जाऊन चार दिवस झाले होते. आजारपणाचा निरोप येशूला वेळेवर मिळाला होता, तरी तो होता तिथेच दोन दिवस थांबला. म्हणून आधी मार्था आणि मग मरीया त्याला एकच गोष्ट सांगतात: तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता.

मरीया रडत होती, तिच्यामागून आलेले लोकही रडत होते. त्यांच्यासाठी योहान ‘क्लायो’ हे क्रियापद वापरतो. मयताच्या घरी मोठ्याने होणाऱ्या आकांतासाठी ते नेहमीचं. येशूसाठी मात्र तो ‘दाक्रुओ’ हे वेगळं क्रियापद घेतो. ‘दाक्रु’ म्हणजे अश्रू. त्यावरून दाक्रुओ, डोळ्यांतून पाणी गळणं. संपूर्ण नव्या करारात हे क्रियापद या एकाच ठिकाणी येतं. येशूला हंबरडा माहीत नव्हता असं नाही: लूकच्या शुभवर्तमानात यरुशलेम पाहून तो रडतो, तिथे क्लायोच आहे. म्हणजे आकांताच्या गलक्यात या माणसाचे अश्रू योहानाने मुद्दाम निराळे काढले आहेत. क्रियापदाचा काळही बोलका आहे. झाली ती घटना एकदम सांगणारा तो भूतकाळ आहे, त्यामुळे ‘त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं’ असं ऐकू येतं.

या अश्रूंच्या दोन्ही बाजूंना, तेहेतिसाव्या आणि अडतिसाव्या वचनांत, आणखी एक क्रियापद उभं आहे: ‘एम्ब्रिमाओमाय’. जुन्या ग्रीकमध्ये ते घोड्याच्या फुरफुरण्यासाठी येतं. मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या मस्तकावर महागडं सुगंधी तेल ओतणाऱ्या बाईवर लोक चिडतात, तिथे हेच क्रियापद आहे. म्हणजे अर्थ दुःखापेक्षा संतापाकडे झुकतो. 1611 च्या इंग्रजी भाषांतराने तो कण्हण्यापर्यंत सौम्य केला. ल्यूथरच्या जर्मन भाषांतरात राग राहिला. ओळीने वाचलं की क्रम असा दिसतो: रडणारे लोक पाहून येशू आतून संतापतो, हेलावतो, त्याला कुठे ठेवलंय असं विचारतो, त्याचे अश्रू येतात, आणि पुन्हा संतापतच तो दगड लावलेल्या गुहेपाशी पोचतो.

राग कशावर, हे योहान सांगत नाही. कोणी म्हणतात शोक करणाऱ्यांच्या अविश्वासावर, कोणी म्हणतात मरणावर. मला दुसरं पटतं. मरीयेला दटावणारा एक शब्दही तो बोलत नाही, आणि दुसऱ्यांदा संताप येतो तो थडग्यासमोर. पण पहिल्या मतालाही आधार आहे, कारण दुसऱ्या संतापाच्या लगेच आधी काही जण शंका काढतात: आंधळ्याला डोळे देणाऱ्याला हा मृत्यू टाळता आला नसता का? इतर जण तेच अश्रू पाहून म्हणतात, याचा त्याच्यावर किती जीव होता! एकाच अश्रूंचे दोन अर्थ योहान शेजारी शेजारी ठेवतो आणि निवाडा देत नाही.

एक गोष्ट मात्र ठाम आहे. लाजरला उठवायला आपण जातो आहोत, हे येशूने शिष्यांना वाटेवर निघण्याआधीच सांगितलं होतं. तेव्हा हे अश्रू हताश माणसाचे नाहीत. शेवट माहीत असूनही समोरच्यांचं दुःख त्याला खरं वाटलं. एस्तिएनच्या आकड्याने हे शब्द पाठ करायला सोपे झाले, पण ते शेजाऱ्यांपासून तुटलेही. वचन पस्तीसचं असलं, तरी वाचायचं ते तेहेतीसपासून अडतीसपर्यंत.