क्लाउडचं बिल कुणाच्या नावावर?

संगणकाचा खर्च वापरणाऱ्याच्या नावावर टाकायची रीत क्लाउडच्याही बरीच आधीची आहे. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या मेनफ्रेमवर काम द्यायचं तर सोबत ‘जॉब कार्ड’ लागे, आणि त्यावर खातेक्रमांकासाठी जागा राखलेली असे.

```
//STOCK01 JOB (4512),'STORES'
```

कंसातला ४५१२ म्हणजे हे काम ज्या खात्याचं, त्याचा क्रमांक. प्रोसेसर किती वेळ चालला याची नोंद यंत्रच ठेवी आणि महिनाअखेरीस त्या खात्याच्या नावे रक्कम पडे. एका कामाला एक खातं. त्यामुळे वाटणी सोपी होती.

पुढे कंपन्या स्वतःचे सर्व्हर विकत घेऊ लागल्या. पैसे एकदाच जात, म्हणून दरमहा विचारणा करायचं कुणाला कारण उरलं नाही. २००६ मध्ये ते पुन्हा मिळालं. ॲमेझॉनने मार्चमध्ये साठवण महिन्याला १५ सेंट प्रति गिगाबाइट या दराने आणि ऑगस्टमध्ये यंत्र तासाला १० सेंटने भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०१२ मध्ये बिलाची फोड ‘टॅग’नुसार मिळू लागली. टॅग हा जॉब कार्डावरच्या खातेक्रमांकाचाच वंशज. पण तो चिकटतो यंत्राला, आणि आता एकाच डेटाबेसवर शेकडो ग्राहकांचं काम एकाच वेळी चालू असतं. टॅग सांगतो की डेटाबेस कुठल्या विभागाचा. कुठल्या ग्राहकाने तो किती राबवला, हे त्याला सांगता येत नाही.

एका व्यवहारामागे क्लाउडचा खर्च किती, हा हिशेब बाहेरच्या माणसाला मांडून पाहायची संधी २०१९ मध्ये मिळाली. ‘लिफ्ट’ या अमेरिकी टॅक्सी-ॲप कंपनीने शेअर बाजारात उतरताना दिलेल्या कागदपत्रांत म्हटलं होतं, की २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत ती ॲमेझॉनच्या क्लाउडवर किमान ३० कोटी डॉलर खर्च करील, दरवर्षी किमान ८ कोटी. २०१८ मधल्या फेऱ्या होत्या सुमारे ६२ कोटी. ८ कोटींना ६२ कोटींनी भागलं की फेरीमागे जवळपास १३ सेंट येतात. तीन वर्षांची सरासरी, म्हणजे १० कोटी घेतले तर १६. अंदाज म्हणून ठीक, पण अंशात पुढच्या वर्षांचा खर्च आणि छेदात मागच्या वर्षाच्या फेऱ्या आहेत. खर्च आणि व्यवहार एकाच काळातले हवेत, ही पहिली अट इथेच मोडते.

दुसरी अडचण सरासरीत लपते. समजा, पुण्यातली एक सॉफ्टवेअर कंपनी २०० दुकानांना बिलिंगची सेवा देते. तिचा सामाईक डेटाबेस महिन्याला ६ लाखांचा, म्हणजे सरासरी दुकानामागे ३,००० रुपये. आता प्रत्येक क्वेरीबरोबर ग्राहकाचा क्रमांक आणि लागलेला वेळ नोंदवायला सुरुवात केली, आणि दिसलं की डेटाबेस जितका वेळ कामात असतो त्यातला १८ टक्के वेळ एक मोठी साखळी एकटी खाते. ६ लाखांचे १८ टक्के म्हणजे १,०८,००० रुपये. ती साखळी भरते ६०,०००. म्हणजे तोटा.

पण थांबा. डेटाबेस महिनाभरात सरासरी ४० टक्केच कामात असतो. वापरल्या गेलेल्या क्षमतेची किंमत २,४०,००० आणि तिचे १८ टक्के ४३,२००. आता तोच ग्राहक फायद्याचा दिसतो! निकाल फिरवला तो रिकाम्या ३,६०,००० रुपयांनी.

हा पेच क्लाउडने जन्माला घातलेला नाही. रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी १९८० च्या दशकात कारखान्यांसाठी कृतीनुसार खर्च मोजायची पद्धत मांडली आणि १९९२ च्या लेखात सांगितलं, की पुरवलेली क्षमता म्हणजे वापरलेली अधिक न वापरलेली; न वापरलेलीचा भार मालाच्या किमतीत मिसळू नये. आजच्या प्रतिग्राहक हिशेबाचं खरं कूळ मला जॉब कार्डापेक्षा इथे दिसतं, कारण खर्च कुणामुळे झाला, हा प्रश्न इथे नेमका विचारला गेला.

तो प्रश्न आपल्या साखळीला लावा. तासातासाचा आलेख पाहिला आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिच्या अहवालांमुळेच डेटाबेस ९० टक्क्यांवर जातो असं दिसलं, तर एवढा मोठा डेटाबेस घ्यावा लागला तो तिच्यामुळे. रिकाम्या रकमेचा मोठा भाग तिच्याच नावावर जायला हवा. अहवाल रात्री थोडे थोडे चालवून छोटा डेटाबेस पुरला, तर तिचा दर वाढवायची गरजच पडणार नाही. शिखर सगळ्यांचं मिळून बनत असेल, तर ती रक्कम कुणाच्याही नावे न टाकता कंपनीने स्वतःच्या नावे दाखवावी.

तेव्हा प्रतिग्राहक खर्चाचा तक्ता समोर आला की आधी रिकाम्या क्षमतेची ओळ शोधा. ती वेगळी दाखवलेली नसेल, तर त्या तक्त्यावरून कुठल्याही ग्राहकाचा दर वाढवू नका.