मुंबईत फ्लॅट बघताय? ६५० चौरस फुटांच्या जाहिरातीत राहायची जागा फक्त ४००! कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअपचा हिशेब असा लावा

गावाकडची अनेक घरं आजही परळ-लालबागशी जोडलेली आहेत. कुणाचे वडील गिरणीत होते, कुणाचा मुलगा दादरला नोकरीला आहे, कुणी गिरगावात भाड्याने राहतंय. आता तिथे स्वतःचा फ्लॅट घ्यायचा म्हटलं की मोबाईलवर जाहिराती सुरू होतात. 'लालबाग, १ बीएचके, ६५० चौ. फूट, १ कोटी ९५ लाख.' यात किंमत कळते, पण हे ६५० फूट नेमके कशाचे, हे लिहिलेलं नसतं. खरा घोळ तिथेच आहे.

एकाच फ्लॅटची तीन मापं असतात. तिन्ही आकडे वेगवेगळे असतात आणि जाहिरातीत बहुतेक वेळा सर्वांत मोठा आकडा दिलेला असतो.

तीन मापं म्हणजे काय?

कार्पेट एरिया : घराच्या आत वापरायला मिळणारी जागा, म्हणजे जिथे चटई अंथरता येते ती. म्हणून मराठीत याला चटई क्षेत्र म्हणतात. (बातम्यांत येणारा 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणजे एफएसआय. तो प्लॉटवर किती बांधकाम करता येईल हे सांगतो. त्याचा इथे संबंध नाही.)

बिल्टअप एरिया : कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंतींची जाडी आणि बाल्कनी मिळवली की बिल्टअप होतो.

सुपर बिल्टअप एरिया : बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबी, प्रवेशाचा हॉल, क्लब हाऊस अशा सगळ्यांच्या जागेतला तुमचा वाटा मिळवला की सुपर बिल्टअप. हा वाटा कसा धरायचा याचं ठरलेलं सरकारी माप नाही. त्यामुळे हा आकडा ताणता येतो.

गावाकडचं उदाहरण घ्या. घर मोजताना आपण आतल्या खोल्या मोजतो, फार तर ओटी आणि पडवी धरतो. पण कुणी देवळासमोरच्या पटांगणाचा आणि वाडीतल्या रस्त्याचा वाटा घराच्या मापात धरून घर विकायला काढलं तर? सुपर बिल्टअप म्हणजे साधारण तोच प्रकार. त्या जागा वापरता येतात, पण तिथे झोपता येत नाही.

कायदा काय सांगतो?

रेरा कायदा २०१६ सालचा. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं. नव्या प्रकल्पात बिल्डरने फ्लॅटचं माप कार्पेटमध्येच सांगायचं असतं आणि करारातही तेच लिहायचं असतं. कार्पेट म्हणजे काय, हेही कायद्यात सांगितलेलं आहे.

रेरा कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती, पाइप-वायरींचे डक्ट, फक्त तुमच्यासाठी असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची धरत नाहीत. घराच्या आतल्या, म्हणजे दोन खोल्यांमधल्या भिंती मात्र धरतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, मोजमाप करताना ती लागणार आहे.

मग जाहिरातीत सुपर बिल्टअप येतो कुठून? मुख्यतः जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीतून आणि एजंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधून. १ मे २०१७ आधीच्या अनेक व्यवहारांत बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप लिहिलेला आहे आणि तोच आकडा पुढे चालत राहतो.

आता तोच लालबागचा फ्लॅट उलगडून बघू

खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. फ्लॅट आत जाऊन टेपने मोजला, तर असा निघतो :

- हॉल १६ × १० फूट = १६०
- बेडरूम ११ × १० फूट = ११०
- किचन ९ × ८ फूट = ७२
- बाथरूम ७ × ४ फूट = २८
- संडास ४ × ३ फूट = १२

एकूण ३८२ चौरस फूट. आतल्या भिंतींची लांबी मिळून ३६ फूट आणि जाडी प्लास्टरसकट अर्धा फूट, म्हणजे १८ चौरस फूट. ३८२ अधिक १८, रेरा कार्पेट झाला ४००.

म्हणजे कागदावर ४०० आणि टेपवर ३८२ आले, तर लगेच फसवणूक समजू नका. एवढा फरक आतल्या भिंतींचा असू शकतो. पण टेपवर ३४० आले, तर उरलेले ६० फूट कुठे गेले, हे विचारायलाच हवं.

आता बाल्कनी १० × ३, म्हणजे ३० चौरस फूट. बाहेरच्या भिंतींचे साधारण ५०. बिल्टअप झाला ४८०. त्यावर जिना, लिफ्ट, लॉबी आणि पोडियमचा वाटा म्हणून १७० लावले की ६५० सुपर बिल्टअप तयार.

कार्पेटवर चढवलेल्या या जादा २५० फुटांना बाजारात 'लोडिंग' म्हणतात. ४०० वर २५०, म्हणजे लोडिंग साडेबासष्ट टक्के.

आता दर बघा. १ कोटी ९५ लाखांना ६५० ने भागलं तर दर येतो ३०,००० रुपये फूट. एजंट हाच दर सांगतो. त्याच रकमेला ४०० ने भागा, दर येतो ४८,७५० रुपये. पैसे तेवढेच, फ्लॅटही तोच.

दोन फ्लॅटची तुलना इथेच चुकते

समजा दुसरा फ्लॅट गिरगावात आहे. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, पोडियम नाही. जाहिरात सांगते, '५६० चौ. फूट सुपर बिल्टअप, २ कोटी.' दर येतो साधारण ३५,७०० रुपये. लालबागच्या ३०,००० पुढे हा महाग वाटतो आणि छोटाही वाटतो.

पण इथे सामायिक जागा कमी, म्हणून लोडिंगही कमी. कार्पेट निघतो ४३०. दोन कोटींना ४३० ने भागा, दर येतो साधारण ४६,५०० रुपये. म्हणजे जो फ्लॅट छोटा आणि महाग दिसत होता, तो आतून ३० फूट मोठा आणि फुटामागे दोन हजारांहून स्वस्त निघाला.

टॉवरमध्ये लिफ्ट, जिम, पार्किंगचे मजले असतात. त्याचे पैसे द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. पण दोन घरांची तुलना करताना कार्पेटला कार्पेट लावूनच करा.

सरकारी घरांचे आकडेही याच मापात असतात. म्हाडाचं गिरणी कामगारांसाठीचं २२५ चौरस फुटांचं घर म्हणजे २२५ कार्पेट. नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचं घर, तेही कार्पेट. म्हणून कुणी म्हणालं, 'बीडीडीत ५०० मिळतात, मी तुम्हाला ६५० देतोय,' तर ती तुलनाच चुकीची आहे. वरच्या उदाहरणातले ६५० हे बीडीडीच्या ५०० पेक्षा शंभर फुटांनी लहान आहेत.

खरा आकडा कुठे बघायचा?

नवा प्रकल्प असेल तर : जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक असतो, त्याची सुरुवात P ने होते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणंही बंधनकारक आहे. तो मोबाईलने स्कॅन करा किंवा `maharera.maharashtra.gov.in` वर क्रमांक टाका. तिथे प्रत्येक प्रकारच्या फ्लॅटचा कार्पेट चौरस मीटरमध्ये दिलेला असतो. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात. ३७.१६ चौरस मीटर म्हणजे ४०० चौरस फूट.

जुना फ्लॅट असेल तर : विकणाऱ्याचा नोंदणी झालेला करार आणि इंडेक्स टू मागा. त्यात आकड्यापुढे 'कार्पेट' लिहिलंय की 'बिल्टअप', ते वाचा. २०१७ आधीच्या करारातल्या कार्पेटमध्ये बाल्कनीही धरलेली असू शकते, म्हणून फक्त शब्दावर जाऊ नका. टेप घेऊन जा आणि एकेक खोली मोजा. पाऊण तासाचं काम आहे.

खोली पागडीची असेल, तर आधी वेगळा प्रश्न येतो. तिथे तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. मापाचं नंतर बघा.

शब्दांचे खेळ ओळखा

'युजेबल एरिया' किंवा 'टोटल एरिया ४३०' असं लिहिलं असेल, तर त्यात बहुधा बाल्कनी मिळवलेली असते. आपल्या उदाहरणात ४०० कार्पेट आणि ३० बाल्कनी मिळून ४३०. हे माप खोटं नाही, पण रेरा कार्पेट नाही. एजंटला फोनवर सरळ विचारा : 'बाल्कनी सोडून रेरा कार्पेट किती?' आणि उत्तर मेसेजवर लिहून घ्या. तो 'बिल्टअप सांगतो, अंदाज लावा' म्हणाला, तर अंदाज लावू नका. लोडिंग इमारतीप्रमाणे बदलतं, त्यामुळे सुपर बिल्टअपवरून कार्पेट काढायचं पक्कं सूत्र नाही.

ताबा घेताना कमी भरलं तर?

महारेराच्या नमुना करारात मापातल्या फरकासाठी ३ टक्क्यांची मर्यादा आहे. इमारत पूर्ण झाल्यावर कार्पेट पक्का होतो आणि त्यावर किंमत पुन्हा काढतात. माप कमी भरलं, तर बिल्डरने जादा घेतलेले पैसे व्याजासह ४५ दिवसांत परत करायचे. वाढलं, तर तो जास्तीचे पैसे मागू शकतो.

४०० फुटांचे ३ टक्के म्हणजे १२ फूट. ऐकायला छोटे वाटतात, पण ४८,७५० च्या दराने ते ५ लाख ८५ हजार रुपये होतात. म्हणून सही करण्याआधी करारात हे कलम आहे का, आणि कार्पेटचा आकडा बाल्कनीपासून वेगळा लिहिलाय का, हे वाचून घ्या. ताबा घ्यायला जाताना चावी घेण्याआधी टेप काढा.

टोकन देण्याआधी एवढं बघा

१. जाहिरातीतला आकडा कार्पेट आहे का, हे लेखी विचारा.
२. पूर्ण किमतीला रेरा कार्पेटने भागा. तोच खरा दर.
३. बाल्कनीचा आकडा वेगळा घ्या.
४. महारेराची साइट किंवा जुना करार, यातला आकडा जुळवा.
५. खोल्या स्वतः मोजा. फरक आतल्या भिंतींपेक्षा जास्त आला, तर टोकन थांबवा.