स्थान-विस्थापन (सर्वेक्षण नकाशांतील)

सर्वेक्षणात नोंदवलेल्या घरांचे किंवा वस्तीचे खरे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध न करता, प्रत्येक बिंदू यदृच्छेने निवडलेल्या दिशेला व अंतरावर सरकवून मगच नकाशा खुला करण्याची पद्धत. बिंदू किती सरकू शकतो याची कमाल मर्यादा जाहीर असते. कोणता बिंदू प्रत्यक्षात किती व कुठे सरकला हे मात्र जाहीर होत नाही. त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतला फरक टिकतो, पण एखाद्या बिंदूवरून त्या दारापर्यंत पोचता येत नाही. आरोग्यविषयक माहितीला असे मुखवटे कसे चढवावेत याची पद्धतशीर मांडणी आर्मस्ट्राँग, रश्टन आणि झिमरमन यांनी 1999 साली केली. या पद्धतीचे एक मोठे उदाहरण म्हणजे अनेक देशांत झालेली ‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे’ ही सर्वेक्षणे. भारतातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच कुटुंबातले असून, मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते पार पाडते.

गुप्ततेची पहिली पायरी विस्थापनाच्याही आधीची आहे. घराघराचे स्थान प्रसिद्ध होतच नाही. निवडलेले गाव किंवा शहरातला गणनाखंड हा एक समूह मानतात आणि त्या सर्व घरांना मिळून समूहाच्या मध्याचा एकच बिंदू देतात. 2015-16 च्या चौथ्या फेरीत एका समूहातून साधारण 22 घरे निवडलेली होती. पण गावात एकच बिंदू असला तरी धोका उरतो. गाव कळले, त्यातल्या एखाद्या बाईचे वय, मुलांची संख्या आणि घराचे छप्पर कळले, की शेजाऱ्याला ती ओळखू येते. मग तिच्या रक्तातले हिमोग्लोबिन किंवा तिने सोसलेली मारहाण हेही त्याच ओळीत वाचता येते. म्हणून गावच लपवावे लागते.

या सर्वेक्षणांचा विस्थापनाचा नियम साधा आहे. शहरी समूह 0 ते 2 किलोमीटर सरकतो, ग्रामीण समूह 0 ते 5 किलोमीटर. ग्रामीण समूहांपैकी यदृच्छेने निवडलेल्या एक टक्का समूहांना 0 ते 10 किलोमीटरची मुभा असते. त्यातलेही निम्मेच पाच किलोमीटरच्या पलीकडे जातात, तेव्हा ही संख्या नगण्य वाटेल. तिचे काम वेगळे आहे: ‘खरे गाव या पाच किलोमीटरच्या वर्तुळातच आहे’ असे कोणालाही छातीठोकपणे म्हणता येऊ नये.

एक काल्पनिक उदाहरण करून पाहू. सातारा जिल्ह्यात कोयना खोऱ्याच्या बाजूला एका ग्रामीण समूहाचा बिंदू 17.6000 उत्तर, 73.8000 पूर्व येथे आहे असे धरू. संगणकाने 0 ते 360 मधून 60 अंशांची दिशा काढली (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे) आणि अंतर 3.2 किलोमीटर काढले. म्हणजे बिंदू उत्तरेला 1.6 आणि पूर्वेला 2.77 किलोमीटर जाणार. या ठिकाणी अक्षांशाचा एक अंश सुमारे 110.7 किलोमीटरचा, तर रेखांशाचा एक अंश सुमारे 106.1 किलोमीटरचा आहे. भागाकार केला की नवा बिंदू 17.6145, 73.8261 असा येतो. दोन्हीकडे एकच आकडा वापरण्याची चूक नवख्याकडून होते. मग वर्तुळ पूर्व-पश्चिम दबते, आणि जितके उत्तरेला जावे तितके अधिक दबते.

यानंतर तपासणी येते. नवा बिंदू त्याच जिल्ह्याच्या सीमेत आहे का? नसेल तर तो टाकून नवी दिशा व नवे अंतर काढायचे, बिंदू आत पडेपर्यंत. ही अट नसती तर सह्याद्रीच्या माथ्याजवळचे एखादे साताऱ्याचे गाव कोकणात उतरले असते आणि जिल्हावार आकड्यांशी नकाशा जुळला नसता. 2009 पासून ही सीमा शक्य तिथे दुसऱ्या प्रशासकीय पातळीची, म्हणजे आपल्याकडे जिल्ह्याची, धरतात. तालुक्याची अट मात्र नाही. विस्थापित बिंदूंवरून तालुकावार टक्केवारी काढणारा अभ्यासक सीमेवरची गावे चुकीच्या तालुक्यात घालतो, आणि तसे झाल्याची कोणतीही खूण आकड्यांत दिसत नाही. जिल्ह्याच्या अटीचीही थोडी किंमत मोजावी लागते: काठावरचे बिंदू बाहेर जाऊ शकत नसल्यामुळे ते आतल्या बाजूला झुकतात.

अंतर कसे निवडले जाते हा तपशील नीट समजून घ्यावा असा आहे. 0 ते 5 मधला कोणताही आकडा सारख्याच शक्यतेने येतो. म्हणजे निम्मे बिंदू अडीच किलोमीटरच्या आत राहतात. पण अडीच किलोमीटरचे वर्तुळ क्षेत्रफळाने मोठ्या वर्तुळाचा चौथा भागच असते. बिंदू खऱ्या जागेभोवती दाट पडतात. वीसातला एक ग्रामीण बिंदू तर 250 मीटरही हलत नाही. यावर उपाय म्हणून काही पद्धतींत किमान अंतरही ठरवतात, त्यामुळे बिंदू वर्तुळात नव्हे तर कड्यात पडतो. त्यात विश्लेषणाची अचूकता थोडी कमी होते. माझ्या मते, आजार किंवा हिंसेविषयीच्या माहितीसाठी ती किंमत योग्य आहे.

दुसरी सावधगिरी: विस्थापन एकदाच करावे आणि तोच बिंदू कायम वापरावा. प्रत्येक मागणीला नव्याने सरकवलेली प्रत दिली तर प्रती गोळा करणारा त्यांची सरासरी काढतो, आणि यदृच्छा एकमेकींना खोडते. पाच किलोमीटरच्या नियमाने केलेल्या 25 स्वतंत्र प्रतींची सरासरी खऱ्या जागेपासून सरासरीने अर्ध्या किलोमीटरवर येऊन ठेपते.

वापरणाऱ्याची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे बिंदूपासून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे अंतर मोजणे. केंद्र गावातच असेल तर खरे अंतर जवळजवळ शून्य, पण विस्थापनानंतर ते सरासरीने अडीच किलोमीटर दिसते. कधी जवळचे केंद्रच बदलते. परिणामी अंतर आणि प्रसूती दवाखान्यात होणे यांतला खरा संबंध कमजोर दिसतो. घाटमाथ्यावर उंचीचेही असेच होते. बिंदू कधी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातही पडतो, आणि ती चूक नसते. म्हणून पाऊस, उंची, झाडोरा यांसारखी मूल्ये एका बिंदूवर वाचू नयेत. ग्रामीण समूहाभोवती पाच आणि शहरीभोवती दोन किलोमीटरचे वर्तुळ काढून त्यातली सरासरी घ्यावी. निष्कर्ष टिकतो का हे पाहायचे असेल तर प्रसिद्ध बिंदू त्याच नियमाने पुन्हा शंभरेक वेळा सरकवावेत. उत्तर दर वेळी डळमळत असेल तर तो निष्कर्ष या माहितीला पेलणारा नाही. शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर, आफ्रिकेजवळच्या समुद्रात, दिसणारे बिंदू मात्र विस्थापनाचे नसतात. ज्या समूहांचे स्थान मिळालेच नाही त्यांची ती खूण असते आणि ते आधीच वगळावे लागतात.

एकच अंतर सगळीकडे सारखे संरक्षण देत नाही. पाच किलोमीटरचे वर्तुळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस किलोमीटरचे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात वस्ती असलेली सुमारे 41 हजार गावे आहेत. त्या हिशेबाने एवढ्या वर्तुळात सरासरी दहा गावे येतात आणि खरे गाव त्यांत लपते. राजस्थानच्या जैसलमेर जिल्ह्यात त्याच जनगणनेची घनता दर चौरस किलोमीटरला 17 माणसांची होती. तिथे त्याच वर्तुळात जेमतेम तेराशे माणसे भरतात. उपग्रहाच्या चित्रावर मोकळे वाळवंट वगळले की उरते एखादे गाव, आणि बिंदू कितीही सरकवला तरी तो त्याच गावाचा असतो.