केल्विन परिणाम

केल्विन परिणाम म्हणजे द्रवाच्या बहिर्वक्र पृष्ठभागावरील संपृक्त बाष्पदाब त्याच द्रवाच्या सपाट पृष्ठभागावरील बाष्पदाबापेक्षा अधिक असणे. थेंब जितका लहान तितकी त्याच्या पृष्ठभागाची वक्रता जास्त, आणि तितकाच हा वाढीव दाबही जास्त. त्यामुळे ज्या हवेत तळ्यातील पाण्याचे बाष्पीभवन आणि संघनन समतोल असते, त्याच हवेत शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब आटत जातो. हा परिणाम विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी मांडला. त्यांचा निबंध १८७१ मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाला.

कारण

द्रवाचा पृष्ठभाग वाढविण्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते आणि तो कमी झाला की ती परत मिळते. यालाच पृष्ठताण म्हणतात. तळ्यातून पाण्याचा एक रेणू उडून गेला तर तळ्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ बदलत नाही. गोल थेंबातून रेणू गेला मात्र थेंब किंचित आक्रसतो आणि त्याचा पृष्ठभागही घटतो. थेंबाची त्रिज्या r असेल, तर बाहेर गेलेल्या प्रत्येक एकक घनफळामागे क्षेत्रफळ 2/r इतके कमी होते. ही वाचलेली ऊर्जा निसटणाऱ्या रेणूच्या पथ्यावर पडते. त्रिज्या निम्मी झाली की ही सवलत दुप्पट होते.

हाच विचार समीकरणात असा मांडला जातो:

```
ln(p/p0) = 2γV / (rRT)
```

येथे p हा थेंबावरील आणि p0 हा सपाट पृष्ठभागावरील संपृक्त बाष्पदाब, γ पृष्ठताण, V द्रवाचे मोलीय घनफळ, R वायुस्थिरांक आणि T निरपेक्ष तापमान आहे. थॉमसन यांनी स्वतः केशनलिकेचा आधार घेतला होता. बंद भांड्यात पाण्यात उभ्या केलेल्या बारीक नळीत पाणी वर चढते व तेथे त्याचा पृष्ठभाग अंतर्वक्र होतो. उंचीबरोबर बाष्पाचा दाब कमी होत असल्याने या वरच्या पृष्ठभागाचा बाष्पदाब खालच्या सपाट पाण्यापेक्षा कमीच असला पाहिजे. तसे नसते तर पाणी नळीतून वर आणि बाष्परूपाने खाली असे अविरत फिरत राहिले असते. बहिर्वक्र पृष्ठभागासाठी हाच युक्तिवाद उलट दिशेने लागू होतो.

पाण्याच्या थेंबाचे उदाहरण

२५ °से. तापमानाला पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रतिमीटर आणि मोलीय घनफळ १८ घन सेंटिमीटर आहे. या किमती घातल्या की समीकरणाची उजवी बाजू १.०५ नॅनोमीटर भागिले त्रिज्या इतकी सोपी होते. यावरून १ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी त्रिज्या असलेल्या थेंबावर बाष्पदाब केवळ ०.१ टक्का अधिक असतो. १०० नॅनोमीटरला तो सुमारे १ टक्का, १० नॅनोमीटरला ११ टक्के, तर १ नॅनोमीटरला सपाट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट भरतो.

लहान थेंब लवकर का आटतात

याचे उत्तर बहुधा केल्विन परिणाम असे दिले जाते, पण डोळ्यांना दिसणाऱ्या थेंबांबाबत ते चुकीचे आहे. ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या स्थिर हवेत १० मायक्रोमीटर त्रिज्येचा थेंब एका सेकंदाच्या आत नाहीसा होतो आणि १०० मायक्रोमीटरच्या थेंबाला सुमारे एक मिनिट लागते. यात वक्रतेचा वाटा नगण्य आहे, कारण हवेतील तूट ५० टक्क्यांची, तर १० मायक्रोमीटरच्या थेंबावरील वाढीव दाब अवघा ०.०१ टक्का. येथे थेंबाभोवतीच्या हवेतून बाष्प किती वेगाने पसरते यावर सारे अवलंबून असते आणि आटण्याचा काळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या दहापट, तर काळ शंभरपट.

हवा नेमकी संपृक्त, म्हणजे १०० टक्के आर्द्रतेची असली की चित्र बदलते. आता कोरड्या हवेची ओढ उरत नाही; थेंबाला आटविणारी एकमेव गोष्ट म्हणजे त्याची वक्रता. लहान थेंबाला दुहेरी फटका बसतो: त्याच्यात पाणी कमी आणि त्यावरील वाढीव दाब जास्त. त्यामुळे काळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. बाष्पीभवनाने थेंब थंड होतो हे हिशेबात धरले, तर २५ °से. ला १ मायक्रोमीटरचा शुद्ध पाण्याचा थेंब अशा हवेत सुमारे दोन सेकंद टिकतो, तर १० मायक्रोमीटरचा अर्ध्या तासाहून अधिक. म्हणून थेंब आटण्यामागे वक्रता आहे की नाही हे ओळखण्याची खूण म्हणजे आर्द्रता: हवा संपृक्ततेच्या अगदी जवळ असेल किंवा थेंब काही दशक नॅनोमीटरांहून लहान असेल, तरच केल्विन परिणाम मोजावा लागतो.

अस्थिर समतोल आणि ढग

हवा १ टक्का अतिसंपृक्त असेल, तर सुमारे १०५ नॅनोमीटरचा थेंब तिच्याशी समतोलात राहतो. हा समतोल मात्र टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखा असतो. थेंबातून थोडे पाणी गेले की तो लहान होतो, त्यावरील बाष्पदाब वाढतो आणि तो आणखी आटतो. थोडे पाणी आले की उलट घडून तो वाढतच जातो. या त्रिज्येला क्रांतिक त्रिज्या म्हणतात.

ढगांच्या दृष्टीने अडचण येथेच आहे. १०५ नॅनोमीटरच्या थेंबात सुमारे १६ कोटी रेणू असतात. भटकणारे रेणू योगायोगाने एकमेकांना चिकटून एवढा समूह तयार होणे अशक्यप्राय आहे, कारण लहान समूह जन्मताच आटतात. वातावरणातील ढगांत तर अतिसंपृक्तता १ टक्क्यापेक्षा क्वचितच अधिक असते. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी धूळविरहित दमट हवा एकाएकी प्रसरण पावू दिली, तेव्हा दाट धुके उमटण्यासाठी बाष्पदाब संपृक्त दाबाच्या सुमारे आठपट व्हावा लागला. आयनांभोवती थेंब मात्र सुमारे चौपटीलाच जमले. याच निरीक्षणातून त्यांचे अभ्रकोष्ठ हे उपकरण घडले आणि १९२७ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

वातावरणातील ढग हा अडथळा क्षारकणांच्या साहाय्याने ओलांडतात. विरघळलेले मीठ बाष्पदाब कमी करते आणि थेंब लहान असताना द्रावण दाट असल्याने ही घट वक्रतेच्या वाढीवर मात करते. स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ हिल्डिंग कोलर यांनी हे दोन परिणाम एकत्र मांडले. कोरडा असताना ५० नॅनोमीटर त्रिज्या असलेल्या समुद्री मिठाच्या कणाला ढगाचा थेंब होण्यासाठी सुमारे ०.१ टक्का अतिसंपृक्तता पुरते. त्याहून कमी आर्द्रतेत असे थेंब न आटता धुरकट वातावरणाच्या रूपाने टिकून राहतात. शुद्ध पाण्याचे थेंब तसे टिकले नसते.

मर्यादा

समीकरणात पृष्ठताण त्रिज्येवर अवलंबून नाही असे गृहीत धरलेले आहे. फिशर आणि इस्रायलाश्विली यांनी अभ्रकाच्या दोन पृष्ठभागांमध्ये साचलेल्या सायक्लोहेक्झेनवर केलेल्या मोजणीत हे समीकरण सुमारे ४ नॅनोमीटर वक्रता-त्रिज्येपर्यंत खरे ठरले. तो पृष्ठभाग अंतर्वक्र होता. १ नॅनोमीटरच्या थेंबात मात्र पाण्याचे जेमतेम १४० रेणू मावतात आणि त्यांतील बरेचसे पृष्ठभागावरच असतात. तेथे पृष्ठताण ही कल्पनाच संदिग्ध होते, म्हणून वर दिलेला तिपटीचा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा लागतो.