लॅपटॉपच्या कोणत्या यूएसबी-सी पोर्टमधून टीव्हीवर चित्र दिसतं? शेजारच्या बारीक खुणांचा अर्थ काय?

नवीन लॅपटॉपवर एचडीएमआयचं पोर्ट नाही, म्हणून कुणीतरी यूएसबी-सी हब विकत आणतं. हब लॅपटॉपला जोडला, त्यातून एचडीएमआय केबल टीव्हीला लावली. हबला लावलेला माउस चालतो, पेनड्राइव्ह उघडतो, चार्जिंगही होतं. टीव्हीवर मात्र 'नो सिग्नल' येतं. हब खराब निघाला असं समजून तो परत केला जातो, दुसरा मागवला जातो आणि पुन्हा तेच घडतं.

अशा वेळी अनेकदा हब धडधाकट असतो. त्या पोर्टमधून चित्र बाहेर पडण्याची सोयच नसते.

एकसारखी दिसणारी पोर्ट वेगळी कशी?

यूएसबी-सी हे फक्त पोर्टच्या आकाराचं नाव आहे. त्या आकाराच्या आतून कोणती कामं होतील, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. ही कामं मुख्यतः तीन: माहितीची देवाणघेवाण, चार्जिंग आणि चित्र बाहेर पाठवणं. यातलं चित्राचं काम ऐच्छिक आहे. त्यासाठी ग्राफिक्सचा सिग्नल त्या पोर्टपर्यंत वेगळा आणावा लागतो. त्यामुळे एकाच लॅपटॉपवर शेजारी-शेजारी असलेल्या दोन पोर्टपैकी एकातून चित्र दिसतं आणि दुसऱ्यातून दिसत नाही, असं होऊ शकतं.

चित्र पाठवण्याच्या या सोयीला 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' म्हणतात. यूएसबी-सीच्या आत वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. हा मोड सुरू झाला की त्यातल्या दोन किंवा चारही जोड्या यूएसबीची माहिती नेण्याऐवजी चित्र नेऊ लागतात. हबमधला एचडीएमआय भाग साधारणपणे याच सिग्नलचं रूपांतर करून टीव्हीला देतो. मूळ सिग्नलच आला नाही, तर हब काहीही करू शकत नाही.

खुणा कशा वाचायच्या?

मोबाइलचा टॉर्च लावून पोर्टच्या बाजूला पाहा. बहुतेक वेळा पुढच्यापैकी एखादी खूण दिसेल.

'डी'च्या पोटात 'पी': इंग्रजी 'डी' अक्षरात 'पी' गुंफलेलं दिसलं, तर ती डिस्प्लेपोर्टची खूण. या पोर्टमधून चित्र बाहेर जातं.

खाली बाण असलेली वीज: ही थंडरबोल्टची खूण. थंडरबोल्ट ३ आणि त्यापुढच्या पोर्टमध्ये चित्राची सोय असतेच. शेजारी ३, ४ किंवा ५ असा आकडा असू शकतो.

४० हा आकडा: यूएसबी४ पोर्टच्या शेजारी असा आकडा छापलेला असतो. तो वेगाचा आकडा आहे, सेकंदाला ४० गिगाबिट. यूएसबी४ असलेल्या लॅपटॉपच्या त्या पोर्टमध्येही चित्राची सोय असते.

त्रिशूळ आणि 'एसएस': सगळ्यात जास्त फसगत इथे होते. त्रिशूळासारखी खूण म्हणजे यूएसबी, 'एसएस' म्हणजे सुपरस्पीड. शेजारी १० लिहिलं असेल, तर वेग सेकंदाला १० गिगाबिट. ही खूण फक्त माहितीच्या वेगाबद्दल सांगते. पोर्ट वेगवान आहे म्हणून चित्र जाईलच, असं नाही.

बॅटरी किंवा प्लगचं चित्र: हे चार्जिंगबद्दल आहे. चित्राशी त्याचा संबंध नाही.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. काही लॅपटॉपवर पोर्टशेजारी नुसती वीज छापलेली असते, तिच्या टोकाला बाण नसतो. ती थंडरबोल्टची खूण नसते. लॅपटॉप बंद किंवा झोपेत असतानाही त्या पोर्टवर फोन चार्ज होतो, एवढाच तिचा अर्थ असतो.

खूणच नसेल तर?

खूण नाही म्हणजे सोय नाही, असा अर्थ काढू नका. अनेक कंपन्या खुणा छापत नाहीत. मॅकबुकवर तर यूएसबी-सी पोर्टशेजारी काहीच लिहिलेलं नसतं. अशा वेळी कंपनीच्या वेबसाइटवरची माहितीच खरी.

त्यासाठी आधी नेमकं मॉडेल कळायला हवं. एकाच नावाच्या मालिकेत स्वस्त आणि महाग लॅपटॉप असतात आणि त्यांची पोर्ट वेगळी असू शकतात. विंडोजमध्ये Windows आणि R ही बटणं एकत्र दाबून पुढचा शब्द टाइप करा आणि एंटर दाबा:

```
msinfo32
```

उघडलेल्या खिडकीत System Model समोर मॉडेलचं नाव दिसेल. तळाच्या स्टिकरवर आणखी सविस्तर क्रमांक असेल तर तोही घ्या. मग कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पोर्टची यादी उघडा आणि DisplayPort, Alt Mode, Thunderbolt किंवा USB4 यांपैकी शब्द शोधा. नुसतं Power Delivery आणि 10 Gbps लिहिलं असेल, तर चित्राची खात्री धरू नका.

एक उदाहरण

समजा, लॅपटॉपच्या डाव्या बाजूला दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत. पहिल्याशेजारी त्रिशूळ, 'एसएस' आणि १०. दुसऱ्याशेजारी तेच, शिवाय 'डी'मधला 'पी' आणि बॅटरी. हब पहिल्या पोर्टला लावला, तर माउस चालेल पण टीव्ही काळाच राहील. विंडोज कधीकधी Display connection might be limited असा इशाराही देतं. तोच हब दुसऱ्या पोर्टला लावला की काही सेकंदांत टीव्हीवर चित्र येतं. हब तोच, केबल तीच, बदललं फक्त पोर्ट.

समजा, हबऐवजी यूएसबी-सी असलेला मॉनिटर आहे आणि योग्य पोर्टला जोडूनही चित्र येत नाही. मग केबल तपासा. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये चार्जिंगच्या आणि मंद वेगाच्या यूएसबी २.० च्याच तारा असतात. वेगवान जोड्या नसल्याने त्यातून चित्र जाऊच शकत नाही. मॉनिटरसोबत आलेली केबल वापरून पाहा. तीही चालली नाही, तर मॉनिटरवर यूएसबी-सी हा इनपुट निवडलेला आहे का, ते बघा.

कधी चित्र येतं, पण ४के टीव्हीवर माउसचा बाण अडखळत सरकतो. अशा वेळी हब सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रंच पाठवत असू शकतो. काही हब दोन जोड्या चित्राला आणि दोन यूएसबीला देतात, त्यामुळे चित्राला जागा कमी पडते. Settings मध्ये System, Display आणि Advanced display या क्रमाने गेलं की Refresh rate समोर हा आकडा दिसतो. हब घेताना खोक्यावर '४के ६० हर्ट्झ' लिहिलंय का, ते पाहा आणि लॅपटॉपच्या पोर्टलाही ते जमतं का, हे त्याच यादीत तपासा.

कोणत्याच पोर्टमध्ये सोय नसेल तर?

लॅपटॉपवर एचडीएमआय पोर्ट असेल, तर तेच वापरा. नसेल, तर 'डिस्प्लेलिंक' चिप असलेला अडॅप्टर हा मार्ग आहे. तो चित्र दाबून लहान करून साध्या यूएसबी माहितीसारखं पाठवतो, म्हणून ऑल्ट मोडची गरज पडत नाही. त्यासाठी ड्रायव्हर टाकावा लागतो, प्रोसेसरवर थोडा भार येतो आणि वेगवान गेमसाठी तो फारसा उपयोगाचा नाही. तो साध्या हबपेक्षा महागही असतो. त्यामुळे खरेदीआधी दोन मिनिटं टॉर्च लावून पोर्टशेजारची खूण वाचलेली बरी.