मराठी शब्दशोध कोडे : शब्दांची निवड, छेद आणि नको असलेले शब्द

मंडळाच्या दिवाळी अंकात किंवा बालमेळाव्यात शब्दशोध कोडे हमखास असते. अक्षरांनी भरलेल्या चौकटीत लपलेले शब्द शोधायचे, एवढाच खेळ. मात्र इंग्रजी कोड्याची रीत मराठीला जशीच्या तशी लागू पडत नाही. येथे दिवाळीच्या फराळावरचे एक छोटे कोडे पायरीपायरीने तयार करून दाखवले आहे.

एक घर, एक पूर्ण अक्षर

चौकटीच्या एका घरात मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांसह पूर्ण अक्षर लिहावे. जोडाक्षरालाही एकच घर द्यावे. म्हणजे ‘चिवडा’ तीन घरांचा (चि, व, डा) आणि ‘शंकरपाळे’ पाच घरांचा (शं, क, र, पा, ळे). इंग्रजीसाठी बनवलेल्या काही प्रोग्रॅममध्ये वेलांटी आणि काना वेगळ्या घरांत जाऊन पडतात, आणि असे कोडे मुलांना वाचताच येत नाही. त्यापेक्षा चौकटीच्या वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये हाताने अक्षरे भरलेली बरी.

शब्द निवडताना

फराळाचे पदार्थ लिहायला घेतले की यादी लगेच दहा-बारांवर जाते. तिच्यात तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट लांबी. दोन अक्षरी शब्द चौकटीत आपोआप कुठेही तयार होतात, म्हणून ‘शेव’ वगळली. तीन ते पाच अक्षरांचे शब्द चांगले.

दुसरी गोष्ट, यादीतला एक शब्द दुसऱ्याच्या पोटात नसावा. ‘बेसनलाडू’ घेतला तर ‘लाडू’ वेगळा घेऊ नये. नाहीतर एकाच जागी दोन उत्तरे सापडतात आणि मूल दुसरा लाडू शोधत बसते.

तिसरी गोष्ट, शब्दाचा तुकडा वाचून पाहावा. पावसाळ्यातील प्राणी हा विषय असेल तर ‘गांडूळ’ सहज सुचते, पण त्याची पहिली दोनच अक्षरे कोणी पेन्सिलीने वेढली की शिवी होते. जगातील शहरांच्या यादीत ‘लंडन’चे तेच. अशा ठिकाणी भरणीची अक्षरे बदलून उपयोग नाही, कारण दोष शब्दातच आहे. गांडुळाऐवजी बेडूक किंवा गोगलगाय घ्यावी.

फराळाच्या यादीतून आठ शब्द राहिले : शंकरपाळे, बेसनलाडू, अनारसे, कडबोळी, चकली, करंजी, चिवडा, चिरोटे. मिळून ३० अक्षरे होतात. त्यांना ८ × ८ म्हणजे ६४ घरांची चौकट पुरते.

छेद किती ठेवावे?

दोन शब्दांना एक घर सामाईक असले की त्याला छेद म्हणू. मराठीत छेद मिळणे इंग्रजीपेक्षा अवघड, कारण अक्षर मात्रेसह जुळावे लागते. शंकरपाळ्यातला ‘ळे’ आणि कडबोळीतली ‘ळी’ एकमेकांना छेदू शकत नाहीत. ‘बेसन’चा ‘स’ आणि ‘अनारसे’चा ‘से’ही नाहीत. आपल्या यादीत ‘क’ चार शब्दांत आहे. म्हणून सगळे शब्द त्या एका ‘क’भोवती गुंफण्याचा मोह होतो. तसे केले तर एक शब्द सापडताच बाकीचे आपसूक दिसतात आणि चौकटीचा उरलेला भाग ओस पडतो.

त्यामुळे एका घरात दोनच शब्द भेटावेत आणि एका शब्दाला एकच छेद असावा, हे पथ्य येथे पाळले. शंकरपाळे आणि कडबोळी ‘क’वर, चकली आणि करंजी दुसऱ्या ‘क’वर, चिवडा आणि चिरोटे ‘चि’वर भेटतात. अनारसे आणि बेसनलाडू मोकळे ठेवले. तीन छेदांमुळे शब्दांनी २७ घरे व्यापली; भरणीला ३७ उरली.

दिशा तीनच : डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी. उलटे शब्द लहान मुलांना जड जातात, शिवाय उलट वाचनातून निघणारे शब्दही तपासावे लागतात.

भरणी आणि तपासणी

रिकाम्या घरांत नुसती क, ख, ग भरली तर दोन अडचणी येतात. आपल्या ३० अक्षरांपैकी १८ अक्षरांना मात्रा किंवा अनुस्वार आहे, ती लगेच उठून दिसतात. आणि मात्रा नसलेली दोन अक्षरे शेजारी आली की कसला ना कसला शब्द चटकन बनतो. म्हणून भरणीत बहुतेक मात्रांची अक्षरे घेतली. ‘गू’ आणि ‘ढ’ ही अक्षरे मात्र भरणीत घ्यायचीच नाहीत, कारण ती एकेका घरातच पूर्ण शब्द आहेत.

पहिल्या भरणीनंतर प्रत्येक ओळ, स्तंभ आणि तिरपी रेघ मोठ्याने वाचावी. या कोड्याच्या पहिल्या भरणीत तीन ठिकाणी खडा लागला. पाचव्या ओळीत ‘मु’च्या पुढे ‘ता’ आला होता. ‘मु’च्या जागी ‘खे’ घातला. सहाव्या ओळीत ‘चकली’च्या ‘च’आधी ‘नी’ होती, त्यामुळे ‘नीच’ झाले. तेथे ‘थे’ आला. त्याच ओळीच्या शेवटी ‘चिवडा’च्या ‘डा’आधी ‘कि’ आल्याने ‘किडा’ बनला. ही शिवी नव्हे, पण फराळात किडा नको. तेथे ‘मी’ आली. तिन्ही ठिकाणी दोष भरणीत होता, म्हणून शब्द हलवावे लागले नाहीत.

```
ती  घ   जो  णे  ठे  तू  मि  बे
मो  शं  क   र   पा  ळे  गी  स
अ   यू  ड   के  या  सू  ल   न
ना  वि  बो  ह   जे  चि  झी  ला
र   धे  ळी  खे  ता  रो  व   डू
से  पो  थे  च   जू  टे  मी  डा
हा  दे  फि  क   रं  जी  नु  ठो
यो  त   बु  ली  कै  धा  णी  म
```

शंकरपाळ्याच्या ‘र’कडून खाली डावीकडे वाचले तर ‘रड’ दिसते. दोन्ही अक्षरे यादीतल्या शब्दांची आहेत, ती दिशा कोड्यात वापरलेली नाही आणि शब्दही अपमानाचा नाही, म्हणून ते तसेच ठेवले. त्याजागी शिवी असती तर कडबोळी हलवावी लागली असती.

या भरणीची एक मर्यादाही आहे. ३७ घरांपैकी मात्रा नसलेली अक्षरे फक्त पाच आहेत (घ, ल, ह, त, म). त्यामुळे ‘क’ दिसला की तो उत्तरातलाच, हे चाणाक्ष मुलाला कळते. मुलांच्या कोड्यात हे चालते. मोठ्यांसाठी क, र, न यांची भरणी वाढवावी आणि तपासणी दुप्पट करावी.

शेजारच्या भाषेचा कान

आपली मुले घरी मराठी आणि बाहेर हिंदी, गुजराती किंवा कन्नड बोलतात, त्यामुळे चौकट ती दोन्ही कानांनी वाचतात. वरच्या चौथ्या ओळीत ‘ला’आधी ‘झी’ऐवजी ‘सा’ पडला असता, तर इंदूरच्या वर्गात तो शब्द सर्वांत आधी सापडला असता. उलट गुजरातीत वेड्याला ‘गांडो’ म्हणतात. वडोदऱ्यात तो रोजचा शब्द आहे, पण पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना तो खटकतो. म्हणून छपाईआधी चौकट दोघांना वाचायला द्यावी : एक त्या गावची भाषा रोज बोलणारा, आणि एक दहा-बारा वर्षांचे मूल. नको तो शब्द मूलच आधी शोधते.