फेरी १४ सेकंदांची, पण वेग किती? स्केटिंगच्या लॅप टाइमवरून असा काढा हिशोब

बदलापूर : "आमची पोरगी एक फेरी १४ सेकंदांत मारते. वर्ल्ड चॅम्पियनला तर १७ सेकंद लागतात!" बदलापूर गावातल्या एका पालकाने मोबाईल पुढे करून हे सांगितलं. आकडे दोन्ही खरे होते, पण त्यांची तुलना चुकीची होती. अशाच तुलनेवरून काही जण महागडे इनलाइन स्केट्स घेतात, नाहीतर पोराला झेपणार नाही अशा लांब शर्यतीत नाव घालतात. म्हणून लॅप टाइमवरून खरा वेग आणि पुढच्या अंतराचा अंदाज कसा काढायचा, ते इथे एका उदाहरणावरून पाहू.

आधी त्या १७ सेकंदांचं बघू. भारताचा आनंदकुमार वेलकुमार याने सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत १००० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. त्याचा वेळ होता १ मिनिट २४.९२४ सेकंद. २०० मीटरच्या ट्रॅकच्या मापाने म्हणजे पाच फेऱ्या झाल्या, आणि एका फेरीला सरासरी १७ सेकंद पडले. आपल्याकडची रिंक साधारण त्याच्या निम्मी असते. म्हणजे रिंकची लांबी कळल्याशिवाय नुसत्या सेकंदांना काही अर्थ नाही.

रिंक मोजायची कशी

लंबगोल रिंकमध्ये दोन सरळ बाजू आणि दोन टोकांना दोन अर्धगोल असतात. दोन अर्धगोल मिळून एक पूर्ण गोल होतो. समजा एक सरळ बाजू २५ मीटर आहे आणि आतल्या कडेची त्रिज्या ८ मीटर. फेरीचं अंतर मात्र अगदी कडेवर मोजत नाहीत, कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर धरतात, कारण कडेला घासून कोणी पळत नाही. म्हणून त्रिज्या ८.३ मीटर घ्यायची.

गोल भाग : २ × ३.१४ × ८.३ = ५२ मीटर
सरळ भाग : २ × २५ = ५० मीटर
एक फेरी : १०२ मीटर

टोकं नीट अर्धगोल नसतील तर त्या रेषेवर दोरी अंथरा आणि ती दोरी टेपने मोजा. मोबाईलच्या जीपीएसवर इथे भरवसा ठेवू नका. लहान वळणावर तो कोपरे कापतो आणि अंतर चुकतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मूल मोजणीच्या रेषेपासून एक मीटर बाहेरून वळत असेल तर प्रत्येक फेरीला ६.२८ मीटर जास्त पळतं. रिंक लहान असो की मोठी, हा आकडा तोच राहतो. पण शर्यतीत हे जादा अंतर कोणी मोजून देत नाही, म्हणून हिशोबात फेरी १०२ मीटरचीच धरायची. वेळ कमी करायचा असेल तर पायातल्या जोराआधी वळण बघा.

वेळ घ्यायचा कसा

घड्याळ एकदाच सुरू करा आणि शेवटपर्यंत थांबवू नका. फेरी संपली की फक्त लॅपचं बटण दाबा. बोट दाबायला ०.२ सेकंद मागेपुढे होतंच. १४ सेकंदांच्या एका फेरीत ती चूक मोठी वाटते, पण दहा फेऱ्यांच्या एकूण वेळात ती नगण्य होते.

त्या मुलीच्या दहा फेऱ्या अशा होत्या (सेकंदांत) :

१७.५, १४.२, १४.०, १४.३, १४.६, १४.८, १५.०, १५.१, १५.३, १५.२

एकूण १५० सेकंद आणि अंतर १०२० मीटर. पहिली फेरी उभ्याने सुटल्यामुळे हळू आहे. तिसरी सगळ्यात जलद, आणि मोबाईल पुढे करून दाखवली ती हीच. तिथून पुढे दम लागत गेलेला स्पष्ट दिसतो.

वेग काढायचा

ताशी किलोमीटर काढायचं सूत्र सोपं आहे : मीटर × ३.६ ÷ सेकंद.

१०२० × ३.६ ÷ १५० = २४.५. म्हणजे सरासरी वेग ताशी साडेचोवीस किलोमीटर. नुसती तिसरी फेरी धरली तर हाच आकडा २६.२ येतो. चॅम्पियनचा वेग याच सूत्राने ताशी ४२.४ निघतो. आता तुलना खरी झाली.

रोजच्या सोयीसाठी १०२ × ३.६ = ३६७ हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. या रिंकवरच्या कुठल्याही फेरीचे सेकंद घ्या आणि ३६७ ला त्यांनी भागा, वेग मिळतो. रिंक बदलली की हा आकडाही बदलायचा.

इथे एक चूक बऱ्याच जणांची होते. प्रत्येक फेरीचा वेग काढून त्यांची सरासरी घेतात. समजा एक फेरी १२ सेकंदांची आणि एक १८ ची. वेग आले ३०.६ आणि २०.४, त्यांची सरासरी २५.५. पण खरं तर ३० सेकंदांत २०४ मीटर झाले, म्हणजे वेग २४.५. हळू फेरीत पोर जास्त वेळ असतं, तो वेळ पहिल्या पद्धतीत सुटतो. म्हणून आधी एकूण अंतर आणि एकूण वेळ, मग भागाकार.

३००० मीटरला किती लागतील?

३००० मीटर म्हणजे या रिंकच्या २९.४ फेऱ्या. सगळ्यात जलद फेरीने गुणलं तर ६ मिनिटं ५२ सेकंद येतात. हा वेळ कधीच लागणार नाही, कारण त्यात सुरुवातीची हळू फेरी नाही आणि दमणंही नाही.

बरोबर पद्धत अशी : झालेल्या दहा फेऱ्यांचे १५० सेकंद तसेच ठेवा. उरलेल्या १९.४ फेऱ्यांना शेवटच्या चार फेऱ्यांची सरासरी लावा, ती आहे १५.१५. त्याचे २९४ सेकंद होतात. एकूण ४४४, म्हणजे ७ मिनिटं २४ सेकंद. दम आणखी लागला आणि फेरी १५.६ वर गेली तर ७ मिनिटं ३३ सेकंद. म्हणून उत्तर एका आकड्यात न सांगता "७:२४ ते ७:३३" असं सांगावं.

हा अंदाज मोजलेल्या अंतराच्या तिपटीपर्यंत वापरा. दहा फेऱ्यांवरून १० किलोमीटरचा वेळ काढू नका. त्यासाठी आधी ३००० मीटर एकदा मोजा, आणि शेवटच्या फेऱ्या किती घसरल्या ते बघा.

रिंकचा हिशोब रस्त्याच्या शर्यतीलाही तसाच लावता येत नाही. रस्त्यावर वळणं कमी, पण वारा, चढ आणि खरबरीत डांबर यांचा फरक पडतो. घोळक्यात दुसऱ्याच्या मागे राहिलं तर वारा कमी लागतो आणि वेळ सुधारतो, एकट्याने मोजलेल्या वेळात तो फायदा नसतो. आणि चाकं बदलली, क्वाडवरून इनलाइनवर आलात, तर जुनी वही बाजूला ठेवून नव्याने दहा फेऱ्या मोजा.

त्या पालकाने हिशोब बघून वहीत १४.० वर गोल केला होता तो खोडला, आणि खाली १५० लिहिलं.